वही की लॅपटॉप? ‘याकंद्र’च्या पुढचं वाक्य

“मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत होते. आता सगळं इंग्लिशमधून, आणि मधेमधे कन्नडमधून समजावतात. वहीत लिहायला गेलं की मी मागे पडते. लॅपटॉपवर टाइप केलं की जवळजवळ सगळं उतरतं, पण रात्री वाचायला घेतलं की सगळं नवीनच वाटतं. मैत्रिणी म्हणतात, त्याच दिवशी नोट्स परत नीट लिहून काढ. मला घरी पोचायलाच सात वाजतात. मी वही धरू की लॅपटॉप? आणि परत लिहायचं ते कधी?”

तिला मी पहिल्यांदा जे उत्तर दिलं ते अपुरं होतं. पुष्कळ पालक आणि शिक्षक तेच उत्तर देतात, म्हणून ते आधी सांगते. मी म्हटलं, “वहीत लिही. हाताने लिहिलेलं लक्षात राहतं.” ती मान हलवून गेली. तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा डोळ्यांखाली काळं आलेलं होतं. रोज रात्री बारा-साडेबारापर्यंत जागून ती नोट्स लिहून काढत होती आणि तरीही चाचणीत शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात अर्धे प्रश्न कोरे सोडले होते. मग मी सल्ला देणं थांबवलं आणि म्हटलं, “तुझ्या नोट्स मला दाखव. टाइप केलेल्या, लिहिलेल्या, सगळ्या.” हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तिने लॅपटॉप उघडला. हृदयातून विजेचा संदेश कसा फिरतो, या एका तासाची फाइल होती. पन्नास मिनिटांच्या तासाचे सुमारे चौदाशे शब्द. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण वाक्यंच्या वाक्यं होती. वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड या गाठीबद्दलचं एक वाक्य मी तिला मोठ्याने वाचायला सांगितलं: ‘द इम्पल्स इज डिलेड अ‍ॅट द एव्ही नोड.’ विचारलं, “डिलेड म्हणजे?” म्हणाली, “उशीर होतो.” “का होतो उशीर? आणि झाला तर बिघडतं की बरं होतं?” ती फाइल वर-खाली करून शोधू लागली. त्या वाक्यानंतर थेट संदेशाच्या पुढच्या टप्प्याचं, ‘बंडल ऑफ हिज’चं वाक्य होतं, मधे काही नव्हतं.

“मॅडमनी कारण सांगितलंच नाही का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सांगितलं असेल. कन्नडमध्ये काहीतरी सांगत होत्या. तेवढ्या वेळात मी आधीचं इंग्लिश वाक्य पूर्ण करत होते.”

मला सगळी गोष्ट त्या एका उत्तरात सापडली. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या कितीतरी वर्गांत शिक्षक व्याख्या आणि ‘परीक्षेत लिहायचं’ ते इंग्लिशमध्ये सांगतात, आणि समजावताना कन्नडवर येतात. ‘याकंद्र…’ म्हणतात, म्हणजे ‘कारण काय, तर…’, आणि मग खरं शिकवतात. ही मुलगी नेमक्या त्याच वेळी मान खाली घालून मागचं इंग्लिश टाइप करत बसे. तिच्या फाइलमध्ये सगळी ‘काय’ होती आणि एकही ‘का’ नव्हता. चौदाशे शब्दांमुळे तिला सगळं मिळाल्यासारखं वाटायचं. रात्री ते नवीन वाटायचं, कारण ते तिने खरोखरच पहिल्यांदा वाचलेलं असायचं. वर्गात ते कानातून आत येऊन बोटांतून बाहेर पडलं होतं, मधे कुठे थांबलं नव्हतं.

आता वहीकडे वळते, कारण तिथे दोष निराळा होता. माझ्या सांगण्यावरून तिने वही धरली, पण लिहायची पद्धत टाइप करण्याचीच ठेवली, म्हणजे पूर्ण वाक्यं. शिकवणारं माणूस मिनिटाला शंभराच्या वर शब्द बोलतं. हात मिनिटाला वीस-पंचवीस शब्द लिहितो, आणि बऱ्यापैकी टाइप करणारीची बोटंसुद्धा तीस-चाळीसच्या पुढे जात नाहीत. म्हणजे दोन्ही साधनांत मोठा भाग सुटणारच. लॅपटॉपवर तो कमी सुटतो आणि आपण फसतो. वहीत जास्त सुटतो आणि आपण घाबरतो. ती घाबरली होती. मग रात्री मैत्रिणीची वही मागून, पुस्तक उघडून, निळ्या-काळ्या पेनाने सुंदर अक्षरात सगळं ‘फेअर’ करायची. कच्ची वही, पक्की वही. मराठी शाळेत आपल्या हाडीमाशी खिळलेली सवय आहे ही. चौथी-पाचवीत तिचा उपयोग होतो, अक्षर वळतं. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षी रात्री दोन तास पक्की वही उतरवणं म्हणजे सकाळी लॅपटॉपवर जे केलं तेच रात्री पेनाने करणं. डोळ्यांतून आत, हातातून बाहेर.

हाताने लिहिण्याबद्दल संशोधन काय सांगतं तेही थोडक्यात सांगते, कारण त्याचं अर्धंच लोकांपर्यंत पोचलं आहे. 2014 साली अमेरिकेत पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी प्रयोग करून दाखवलं की लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी जास्त शब्द उतरवतात, शब्दशः उतरवतात, आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडतात. ते खूप गाजलं. माझं पहिलं उत्तर तिथूनच आलं होतं. पण पुढे इतरांनी तोच प्रयोग परत करून पाहिला. 2021 मध्ये छापून आलेल्या अशा एका अभ्यासात शब्दशः उतरवण्याचा फरक तसाच दिसला, पण लगेच घेतलेल्या चाचणीच्या गुणांत वहीवाले स्पष्टपणे पुढे निघाले नाहीत. म्हणजे पेनात जादू नाही. पेन हळू असल्यामुळे निवडायला भाग पाडतं, एवढाच त्याचा गुण. आणि पेन हातात घेऊनही निवडलं नाही, तर तोही जातो. या मुलीच्या वहीत नेमकं तेच झालं होतं.

तरीसुद्धा तिला मी शरीररचना आणि शरीरक्रिया या दोन विषयांसाठी वहीच सांगितली. एक कारण उघड आहे: आकृती. हृदयाचे चार कप्पे काढून त्यात बाण दाखवायला पेनाला अर्धं मिनिट लागतं, लॅपटॉपवर ते वर्गात जमतच नाही. दुसरं कारण आपल्या भागातलं आहे. या मुलीच्या एका तासात तीन भाषा येतात. संज्ञा इंग्लिश, स्पष्टीकरण कन्नड, आणि समजतं ते मराठीत. कीबोर्डवर इंग्लिशमधून देवनागरीत जायचं, परत इंग्लिशला यायचं, दर वाक्याला दोनदा. कुणालाही वर्गात ते शक्य नाही. म्हणून लॅपटॉप उघडला की ती आपोआप फक्त इंग्लिश ऐकायची. हाताला भाषा बदलायला काही दाबावं लागत नाही.

समाजशास्त्राला मात्र मी लॅपटॉप राहू दिला. तिथे आकृत्या नाहीत, व्याख्या लांब असतात, शिकवणारे सर बरंचसं सावकाश सांगतात, आणि नंतर परिच्छेद उचलून इकडचे तिकडे करणं वहीपेक्षा फाइलमध्ये सोपं जातं. हे सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. कारण विचारलं तर म्हणाली, “बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून लॅपटॉप घेतलाय. वर्गात नाही वापरला तर वाया गेला असं त्यांना वाटेल.” पालकांना कळकळीने सांगते, वस्तू घेऊन दिल्यावर ती कुठे वापरायची हे मुलांना ठरवू द्या. कर्जाचं ओझं घेऊन वर्गात बसलेलं मूल चुकीचं साधन हातातून सोडत नाही.

काही मुलांना वही सांगता येत नाही, हेही मनात ठेवावं. ज्यांचा हात दुखतो, ज्यांचं लिहिणं मुळात फार सावकाश आहे किंवा ज्यांना अक्षर मोठं करूनच वाचता येतं, त्यांनी खुशाल टाइप करावं. फक्त पूर्ण वाक्य टाइप करायचं नाही आणि शिक्षकांनी ‘याकंद्र’ म्हटलं की बोटं उचलायची, ऐकायचं, मग चार शब्द टाइप करायचे.

आता वर्गातली वही कशी केली ते सांगते. साधं लाँगबुक घेतलं. प्रत्येक पानावर डावीकडून अडीच इंचांवर उभी रेघ. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी ही मांडणी रूढ केली, आणि आपल्याकडच्या समासाच्या वहीहून ती फार वेगळी नाही. समास तेवढा रुंद करायचा. वर्गात फक्त उजवीकडे लिहायचं, डावीकडची जागा कोरी. खाली तीन-चार ओळी मोकळ्या.

लिहिताना तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, स्पेलिंगसाठी थांबायचं नाही. हृदयातल्या तंतूंचं नाव ‘परकिंजी’ असं ऐकू आलं तर ‘परकिंजी’ असंच देवनागरीत लिहायचं. स्पेलिंग संध्याकाळी पुस्तकातून घ्यायचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचा वर्गातला किती वेळ स्पेलिंगच्या भीतीत जातो, हे मी इतक्या वह्यांमध्ये बघितलं आहे की हे एक सुचवून मी नेहमी सुरुवात करते. दुसरी, जोडशब्द मराठीत: ‘म्हणून’, ‘पण’, ‘नाहीतर’, ‘आधी’, ‘मग’. संज्ञा कुठल्याही भाषेत असू दे, त्यांना जोडणारा विचार आपल्या भाषेत असला की लिहिताना डोकं चालू राहतं. तिसरी, जे सुटलं तिथे जागा सोडून मोठं प्रश्नचिन्ह. शेजारणीच्या वहीत डोकवायचं नाही, कारण तेवढ्यात पुढचंही सुटतं.

आणि ‘याकंद्र’ ऐकलं की समासाजवळ एक ठळक बाण. सुरुवातीला ती म्हणाली, “कन्नड मला बोलायला येतं, पण भराभर लिहायला येत नाही.” मी म्हटलं, “कन्नडमध्ये लिहायचं नाही. ऐकायचं आणि मराठीत चार शब्द टाकायचे.” हे तिला अवघड वाटलं नाही. बाजारात, बसमध्ये ती हेच दिवसभर करते. अभ्यासातही असं चालतं, हे फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा उरलेला प्रश्न वेळेचा होता. माझ्या मते वही की लॅपटॉप यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त अवलंबून असतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून ती किती वेळाने किती विसरली जातात हे त्यांनी मोजलं. विसरणं पहिल्या काही तासांत सर्वात वेगाने होतं आणि एका दिवसानंतर त्याचा उतार मंदावतो, असं त्यांना दिसलं. वर्गातलं शिकणं निरर्थक अक्षरांसारखं नसतं, त्यामुळे त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण टिपणांच्या बाबतीत एका दिवसाची मर्यादा का पाळायची, याचं कारण मी तिला तिच्याच वहीत दाखवलं. सोमवारच्या पानावर तिने लिहिलं होतं, ‘इथं वेगळं!!’ पुढे दोन उद्गारचिन्हं. शुक्रवारी मी विचारलं, “काय वेगळं?” तिला सांगता आलं नाही. सोमवारी संध्याकाळी सांगता आलं असतं, कारण तेव्हा मॅडमचा आवाज, फळ्यावरचा हात, मागच्या बाकावरचा कुणाचा तरी प्रश्न, हे सगळं त्या दोन शब्दांच्या मागे उभं होतं. टिपण म्हणजे खुंटी असते. एका दिवसात गेलात तर तिच्यावर कपडा अडकवलेला सापडतो, आठवड्याने गेलात तर नुसती खुंटी.

पण रोज चार तासांची टिपणं, आणि घरी सात वाजता. म्हणून आम्ही तिचा दिवस कागदावर मांडला. नंदगडच्या पुढे गाव. बेळगावहून खानापूरची बस, तिथून वडाप. पावसाळ्यात संध्याकाळी वीज कधी जाईल सांगता येत नाही. अशा घरात ‘रात्री दोन तास बसून नोट्स नीट कर’ हा सल्ला चालत नाही. म्हणून काम तीन तुकड्यांत पाडलं.

पहिला तुकडा तास संपल्याबरोबर, तीन-चार मिनिटांचा. पुढच्या तासाचे शिक्षक येईपर्यंत पान न उलटता प्रश्नचिन्हांवर नजर टाकायची आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला त्यातलं एक विचारायचं. नेब्रास्का विद्यापीठातले केनेथ किव्रा यांनी टिपणांवर अनेक वर्षं काम केलं आहे. 2016 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या अभ्यासात, व्याख्यानाच्या मधल्या विश्रांतीत टिपणं सुधारणाऱ्या मुलांना सगळं संपल्यावर सुधारणाऱ्यांपेक्षा जास्त सुटलेलं भरता आलं, आणि जोडीने काम करण्याचाही फायदा दिसला. आपल्याकडे तासाच्या मधे विश्रांती कोण देणार? पण दोन तासांच्या मधली ही तीन मिनिटं आपल्या हातात असतात.

दुसरा तुकडा बसमध्ये. वही पिशवीतच. खिडकीला टेकून आजच्या एका तासाची गोष्ट मनात पहिल्यापासून सांगायची. जिथे अडकेल ती जागा लक्षात ठेवायची. बसमध्ये उभं राहायला लागलं तरी हे जमतं, म्हणून मला हा तुकडा आवडतो.

तिसरा तुकडा घरी, जेवणाआधी किंवा नंतर, एका तासासाठी वीस-पंचवीस मिनिटं. चारही तास नाहीत, दोनच: ज्यात ‘का’ जास्त आले ते दोन. उरलेल्या दोन तासांच्या फक्त प्रश्नचिन्हांवर पाच मिनिटं.

तो हृदयाचा तास आम्ही माझ्यासमोर परत करून पाहिला. तिने मैत्रिणीकडून मॅडमच्या स्पष्टीकरणाचं ध्वनिमुद्रण मिळवलं होतं, ते ऐकत तिने वहीत नव्याने टिपण घेतलं. पान बघण्यासारखं होतं. वर उजवीकडे हृदयाची वाकडीतिकडी आकृती. ‘एसए नोड, उजव्या वरच्या कप्प्यात. इथून सुरू. मग दोन्ही वरचे कप्पे आवळतात. मग एव्ही नोड, उशीर.’ बाण. ‘नाहीतर वर-खाली एकदम आवळेल. खालचा कप्पा भरायला वेळ.’ मग मधेच ईसीजीबद्दल दोन ओळी, कारण मॅडमना तिथे ते आठवलं होतं. मग ‘बंडल, दोन फाटे, परकिंजी. आवळणं खालून वर!’ आणि एक प्रश्नचिन्ह. सगळे मिळून नव्वदेक शब्द. चौदाशेच्या जागी नव्वद, आणि त्यात ‘का’ होता.

मग वही मिटून एका कोऱ्या चिठोऱ्यावर आठवेल ते लिहायला सांगितलं, पाच मिनिटं. मुलं हा भाग टाळतात. वही उघडून वाचणं सुखाचं वाटतं, मिटून आठवणं त्रासाचं. पण विसरलेलं कुठे आहे ते फक्त मिटलेल्या वहीनेच कळतं. तिला एसए नोड आठवला, उशीर आठवला, परकिंजी आठवलं नाही.

मग वही उघडून चिठोऱ्याशी ताडून पाहिलं. जे वहीत नव्हतं किंवा चुकलं होतं तेवढंच हिरव्या पेनाने घातलं. ‘परकिंजी’खाली पुस्तकातून इंग्लिश स्पेलिंग घेतलं. परीक्षा इंग्लिशमध्ये आणि हाताने लिहायची असते, त्यामुळे ते इथे हाताने लिहिणं उपयोगाचंच ठरतं. प्रश्नचिन्हाच्या जागी तिचा प्रश्न होता: वरच्या कप्प्यातून वीज सरळ खाली का जात नाही, एव्ही नोडमधूनच का? पुस्तकात सापडलं: वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे तंतूंचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. वाट एकच, एव्ही नोडची. उत्तर वाचल्यावर ती म्हणाली, “म्हणजे घाटात एकच रस्ता असल्यासारखं.” मी म्हटलं, हेच लिही. तिने हिरव्या पेनाने लिहिलं.

त्यानंतर क्रम लावणं. शिकवण्याचा क्रम आणि विषयाचा क्रम एक नसतो. ईसीजीच्या दोन ओळी मधे आल्या होत्या, त्या शेवटी हव्यात. त्यासाठी पान परत लिहायचं नाही. ओळींना एक, दोन, तीन असे आकडे द्यायचे आणि बाण काढायचा. लॅपटॉपवर असेल तर परिच्छेद उचलून खाली ठेवायचा. नवीन मथळे, रंग, चौकटी यांत एक मिनिटही घालवायचं नाही.

मग डावीकडचा समास. तिथे तिने आधी लिहिलं, ‘एव्ही नोड’. मी ते खोडायला लावलं. मथळा वाचला की माहीत असल्यासारखं वाटतं. तिथे प्रश्न हवा: ‘एव्ही नोडमध्ये उशीर झालाच नाही तर?’ एका पानाला असे तीन-चार प्रश्न पुरतात. शेवटी खालच्या मोकळ्या जागेत दोन ओळी मराठीत, पुस्तकात न बघता. तिने लिहिलं: ‘अलिंद आधी आवळतं, निलय मागून. मधला उशीर निलय भरण्यासाठी.’ आणि लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, एट्रियम म्हणजे अलिंदच ना? हे मी शाळेत शिकलेय.” इतके आठवडे ती तेच हृदय दुसरं काहीतरी समजून शिकत होती. मराठी माध्यमात शिकलेलं वाया गेलं, असं मानून चालणाऱ्या प्रत्येक मुलाने ही दोन ओळींची जागा रोज वापरावी असं मला मनापासून वाटतं, कारण जुनं शिकलेलं आणि नवं तिथेच एकमेकांना भेटतात.

हे सगळं बावीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये उजवी बाजू हाताने झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, पाच मिनिटं.

पुढच्या महिन्याभरात दोनदा गाडी रुळावरून घसरली. पहिल्यांदा हिरवं पेन वाढत गेलं. पुस्तकातलं सगळं उजव्या बाजूला यायला लागलं आणि पंचवीस मिनिटांची पंचावन्न झाली. ओळखायची खूण सोपी आहे: सुधारलेलं पान मूळ पानाच्या दीडपट झालं, किंवा लिहिता लिहिता घरच्यांशी गप्पा मारता यायला लागल्या, की ते परत उतरवणं सुरू झालं असं समजावं. तिला मी घड्याळ लावायला सांगितलं, पंचवीस मिनिटं झाली की जिथे असेल तिथे थांबायचं. उरलेली प्रश्नचिन्हं दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडे. यातून एक चांगली गोष्ट निघाली. आधी ती शिक्षकांना “समजलं नाही” एवढंच म्हणायची आणि त्यांनाही कुठून सुरुवात करावी कळत नसे. आता ती वहीवर बोट ठेवून विचारते.

दुसऱ्यांदा सलग तीन दिवस रुग्णालयातली ड्यूटी आली आणि टिपणं साचली. तिने रविवारी सकाळपासून बसून सगळी ‘नीट’ करायचा घाट घातला आणि दुपारी रडकुंडीला येऊन फोन केला. साचलेल्या टिपणांना एका दिवसाची रीत लावू नये. खुंटीवरचा कपडा गेलेला असतो, तो आठवण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. अशा पानांचा फक्त डावा समास भरायचा, पुस्तक उघडून, पानाला तीन प्रश्न, आणि पुढे जायचं. पान अपुरं राहिलं तरी राहू दे. ड्यूटीच्या दिवसांसाठी तिने पुढे एवढंच ठेवलं: तास संपल्यावरची तीन मिनिटं आणि बसमधली गोष्ट. वही घरी उघडलीच नाही तरी चालेल.

बसमधली गोष्ट आता ती बसमध्येच संपवत नाही. धाकटा भाऊ दहावीला आहे, त्याच गावच्या मराठी शाळेत. भाकरी होईपर्यंत त्याला सांगते. तो मधेच “पण का, आक्का?” असं विचारतो. जिथे तिला उत्तर देता येत नाही, त्या ओळीसमोर ती दुसऱ्या दिवसासाठी प्रश्नचिन्ह काढते.

परवा आली तेव्हा समाजशास्त्राची फाइल दाखवायला लॅपटॉप घेऊन आली होती. फाइलमध्ये दोन रकाने केले होते. डावीकडे प्रश्न, उजवीकडे टिपण, आणि वीज गेली तर म्हणून प्रश्नांचा रकाना फोनवर पाठवून ठेवलेला. एका परिच्छेदाच्या शेवटी तिने इंग्लिश वाक्यं पुसून नुसतं लिहिलं होतं: ‘याकंद्र, सर म्हणाले, घरातली मोठी बाई ठरवते की आजारी माणसाला दवाखान्यात कधी न्यायचं. आमच्याकडे पण असंच.’